शेवटच्या बाटल्याच का खराब झाल्या?

वाचकाचं पत्र: "ताई, मी बचत गटात आहे. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत 'घरगुती केसांच्या तेलाचा व्यवसाय' यावर मला बोलायला सांगितलंय, कारण दिवाळीआधी मी केलेलं तेल गावात चांगलं गेलं. जास्वंद, माका, कढीपत्ता खोबरेल तेलात उकळून घेतला, गॅस बंद केल्यावर कोरफडीचा ताजा गर आणि टिकावं म्हणून व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल घातल्या. वासाला थोडा भीमसेनी कापूर. वीस बाटल्या झाल्या. दीड महिन्याने चार-पाच बाटल्यांत तळाला पांढरट जाळं दिसलं आणि आंबूस वास यायला लागला, बाकीच्या अजून छान आहेत. एका बाईच्या मानेवर पुरळ पण आलं. सगळं नैसर्गिकच घातलंय, मग असं का झालं? आम्ही ओळखीतच विकतो आणि उद्यम नोंदणी आहे, त्यामुळे वेगळं लायसन्स लागत नाही असं सगळ्या म्हणतात. मला बायकांना घाबरवायचं नाही, पण खोटंही सांगायचं नाही. काय बोलू?"

---

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वीसपैकी चार-पाचच बाटल्या खराब झाल्या. सगळ्या झाल्या असत्या तर तेलच वाईट होतं, पाला सडका होता असं म्हणता आलं असतं. पण तेल तेच, पातेलं तेच, दिवस तोच, मग या चार-पाच वेगळ्या कशाने झाल्या? आठवून बघा, या बाटल्या तुम्ही सगळ्यात शेवटी भरल्या होत्या का? माझी जवळपास खात्री आहे की हो.

कोरफडीच्या गरात शंभरात अठ्ठ्याण्णव भाग तरी पाणीच असतं. तुम्ही तो गॅस बंद केल्यावर घातला, म्हणजे त्यातलं पाणी उडून जायला आच मिळालीच नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी हळूहळू खाली बसलं आणि पळीने वरून तेल काढून बाटल्या भरताना पहिल्या पंधरा बाटल्यांत स्वच्छ तेल गेलं आणि तळाचं पाणी, गराचे बारीक तुकडे हे सगळं शेवटच्या बाटल्यांत गेलं. नुसत्या तेलात बुरशी वाढत नाही, तिला पाणी लागतं. पण तेलाच्या खाली चमचाभर पाणी आणि त्यात गराचा, पाल्याचा कण असला की तिला राहायला जागा आणि खायला अन्न दोन्ही मिळालं, मग वर कितीही शुद्ध घाण्याचं तेल असो.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. दिवाळीनंतर दीड महिना म्हणजे थंडी, आणि खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजायला लागतं. त्यामुळे नुसतं पांढरं दिसलं म्हणून तेल खराब झालं असं नाही, गिऱ्हाईकं पण यावरून भांडतात की तुम्ही काहीतरी मिसळलंय. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी करून ठेवा. थिजलेलं असेल तर पूर्ण नितळ होईल. गरम करूनही ढगाळ राहिलं, तळाला थेंब किंवा जाळं हललं, आंबूस वास आला, तर ते पाणी आणि बुरशी. तुमच्याकडे वास आलाय म्हणजे बहुतेक पाणी आणि बुरशीच आहे, पण बाकीच्या पंधरा बाटल्यांना ही परीक्षा नक्की लावा आणि नितळ निघाल्या तरी त्या विकू नका, घरी वापरा, कारण कच्चा गर त्यांच्यातही थोडा गेलाच असणार.

आता व्हिटॅमिन ई. कॅप्सूल घातली की तेल टिकतं असं सगळीकडे सांगतात आणि ते अर्धंच खरं आहे. तेल दोन वेगळ्या पद्धतीने बिघडतं. एक म्हणजे हवा, उजेड, उष्णता लागून खवट होणं, जुन्या शेंगदाण्याचा येतो तसा वास येतो ते. व्हिटॅमिन ई हे खवटपण लांबवतं. दुसरं म्हणजे पाण्यामुळे बुरशी आणि जंतू वाढणं, त्यावर व्हिटॅमिन ई चा काडीचाही उपयोग नाही. तुमचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं होतं आणि औषध पहिल्याचं दिलं गेलं. म्हणून मी तुम्हाला सुचवेन की तुमच्या बोलण्याचा कणाच हा ठेवा, की विकायचं तेल म्हणजे पाणी नसलेलं तेल. बाकी सगळं या भोवती येऊ द्या.

मग करायचं कसं

ताजा पाला वापरायचा की वाळवलेला, इथून सुरुवात करा. घरी स्वतःसाठी ताजा पाला घालणं वेगळं, पंधरा दिवसांत तेल संपतं. विकायच्या तेलाला माझं मत स्पष्ट आहे, पाला सावलीत वाळवूनच घ्या. जास्वंदीच्या पाकळ्या, माका, कढीपत्ता पातळ पसरून वर विरळ कापड टाकून ठेवा, आणि बोटांनी चुरडल्यावर कुरकुरीत चुरा झाला तरच वाळलं म्हणा, वाकतंय पण तुटत नाही म्हणजे अजून पाणी आहे. पावसाळ्यात हे वाळवण धरत नाही, त्यालाच बुरशी येते, म्हणून पाला उन्हाळ्यात वाळवून हवाबंद डब्यात भरून ठेवायचा. आणि माका कुठून आणताय ते बघा ताई. शेताच्या बांधावर माका हमखास मिळतो पण त्याच बांधावर तणनाशक मारलेलं असतं. गटातल्या एकीने परसात लावलेला माका सगळ्यात भरवशाचा.

एक लिटर तेलाला एकूण शंभर ग्रॅम वाळलेला पाला पुरतो. स्टीलचं पातेलं घ्या, निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. मला माहितीय की लोखंडी कढईत केलेलं काळं तेल चांगलं अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे, पण लोखंड आणि तांबं दोन्ही तेलाला लवकर खवट करतात, त्यामुळे घरी करा पण विकायच्या मालाला नको. मंद आचेवर ठेवा आणि झाकण ठेवू नका, झाकणाला वाफ लागून पाणी परत तेलातच टपकतं.

हे होत असताना आत काय चाललंय ते बायकांना नीट सांगा, कारण एकदा समजलं की घड्याळ बघावं लागत नाही. पाल्यात पाणी आहे तोवर तेल शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं, सगळी आच पाण्याची वाफ करण्यात जाते, बारीक बुडबुडे आणि चटचट आवाज येत राहतो. पाणी संपलं की आवाज थांबतो आणि मग तेल भराभर तापायला लागतं. नेमकी हीच वेळ गॅस बंद करायची. आणखी पाच-दहा मिनिटं गेली तर पाला तपकिरी होऊन करपतो, तेलाला जळका वास लागतो. आयुर्वेदात तेल सिद्ध झालं की नाही हे बघायच्या ज्या जुन्या कसोट्या आहेत त्या हेच तपासतात बघा: पातेल्यातला पाला बोटांत दाबून वळला तर त्याची वात वळता येते, ती वात विस्तवावर धरली तर चटचट न करता जळते, आणि तेलावर फेस येतो. तुपाचं उलट असतं, तुपावरचा फेस जातो. आपल्या आज्या-पणज्यांना हे माहीत होतं, आपण फक्त कोरफडीचा गर शेवटी घालायची नवी खोड लावून घेतली.

कोरफड घालायचीच असेल तर? खरं सांगू, विकायच्या तेलात घालूच नका. गर तेलात विरघळत नाही, आणि पाणी पूर्ण उडेपर्यंत आटवला तर मागे काय उरतं, थोडा करपट चोथा. लेबलवर 'ॲलोवेरा' लिहायला छान वाटतं एवढंच. वर कापताना पानातून जो पिवळा चीक येतो तो कित्येकांच्या कातडीला झोंबतो, तुमच्या त्या बाईचं पुरळ यामुळेही आलेलं असू शकतं. आणि गरम तेलात ओला गर टाकणं धोक्याचं आहे, तेल अंगावर उडतं. त्यावरून आठवलं, तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण टाकायचं, हे बैठकीत एकदा मोठ्याने म्हणाच.

गाळायला मलमलचं पूर्ण कोरडं फडकं. पहिल्यांदा आपोआप गळेल तेवढं तेल विक्रीचं, आणि फडकं पिळून जे निघतं ते वेगळ्या भांड्यात, घरच्यासाठी, कारण पिळलेल्या तेलात बारीक गाळ आणि उरलीसुरली ओल उतरते. मग तेल दोन दिवस कापड बांधून निवांत ठेवायचं, थंडीत जरा उबदार जागी नाहीतर ते थिजेल आणि गाळ खाली बसणारच नाही. वरचं नितळ तेल काढायचं आणि तळाचं बोटभर तेल सोडून द्यायचं. त्या बोटभर तेलाचा मोह सुटत नाही, पण तुमच्या शेवटच्या चार-पाच बाटल्या तिथूनच आल्या.

बाटल्या नव्या घ्या, शक्यतो गडद रंगाच्या. दुसऱ्या कंपनीच्या धुतलेल्या बाटल्या नकोत, एक तर ते चुकीचं आणि दुसरं म्हणजे अरुंद तोंडाची बाटली आतून खरंच वाळली का ते कळत नाही. नवीन बाटलीसुद्धा धुतली असेल तर उपडी ठेवून उन्हात पूर्ण वाळवा, नरसाळं, पळी, हात सगळं कोरडं. आणि तेल पूर्ण गार झाल्यावरच भरून बूच लावा, कोमट असताना बंद केलं तर आत दमट हवा कोंडून बुचाखाली थेंब जमतात.

प्रत्येक घाणीला, म्हणजे एका वेळी केलेल्या तेलाला, एक नंबर द्या, वहीत तारीख, तेल कुठून आणलं, पाला किती, बाटल्या किती असं लिहा आणि त्या घाणीतली एक बाटली विकायची नाही, घरात कपाटात ठेवायची आणि महिन्याला उघडून वास-रंग बघायचा. तुमची ही बाटली सहा महिने चांगली राहिली हे डोळ्याने दिसल्याशिवाय लेबलवर सहा महिन्यांची मुदत टाकू नका. दुसऱ्यांच्या बाटलीवर दोन वर्षं असतात म्हणून आपणही दोन वर्षं लिहायची हे चालत नाही, त्यांनी ती तपासून ठरवलेली असतात.

हिशोबाचं थोडक्यात. एक लिटर तेल टाकलं की दहा बाटल्या शंभर मिलीच्या असं सगळ्या धरतात आणि तिथेच फसतात. शंभर ग्रॅम वाळलेला पाला शंभर-दीडशे मिली तेल पिऊन बसतो, तळाचं सोडलं, त्यामुळे हातात आठ बाटल्या येतात. एक नमुन्याला ठेवली, उरल्या सात. समजा तेल, पाला, गॅस, बाटल्या, लेबल असा सगळा खर्च ६०० रुपये झाला, तर एका बाटलीचा खर्च ६० नाही, जवळजवळ ८६ रुपये आहे आणि यात तुमच्या दोन दिवसांच्या कष्टाचा एक रुपयाही अजून धरलेला नाही. नव्वदला विकली तर गट फुकट राबला.

"सगळं नैसर्गिक आहे" याचं काय

तुमच्या पत्रात हे वाक्य आलंय आणि बैठकीत किमान दहा जणी ते म्हणतील. त्यांना विचारा, बिब्बा नैसर्गिक नाही का? खाजकुयली? अंगावर काय उठतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. काही ठिकाणी उवांना, चाईला म्हणून तेलात धोतरा किंवा गुंजा घालतात. या दोन्ही वनस्पती आयुर्वेदिक औषधांच्या नियमातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत, त्यांना घरच्या विक्रीच्या तेलात अजिबात जागा नाही.

तुमच्या तेलात काळजीची गोष्ट आहे ती कापराची. कापूर कातडीतून आणि वासातूनही अंगात जातो आणि तान्ह्या बाळांना, लहान मुलांना त्याने फिट येऊ शकते. आता घरात तेलाची बाटली आली की ती फक्त तुमच्या गिऱ्हाईक बाईच्या डोक्याला लागत नाही ना, सकाळी बाळाच्या टाळूवरही तीच थापली जाते. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे, कापूर काढून टाका. वासासाठी रोजमेरी, टी ट्री असली इसेन्शियल ऑइलं घालायची टूम आहे, ती पण पाण्यासारखी ओतायची वस्तू नाही, शंभर मिलीला एक मिली म्हणजे साधारण वीस थेंब ही मी वरची हद्द धरते आणि सुरुवात बिनवासाच्या तेलाने करा असंच सांगते. ज्या तेलात तीनच गोष्टी आहेत त्याने कुणाला त्रास झाला तर कारण सापडतं, बारा गोष्टी असल्या की काहीच सापडत नाही.

त्या पुरळ आलेल्या बाईंकडे स्वतः जा. बाटली कोणती होती, शेवटच्यातली का, त्याच आठवड्यात केसांना कलप किंवा मेंदी लावली होती का हे विचारा, बाटली परत घ्या, पैसे द्या, तेल बंद करून डोकं साध्या शाम्पूने धुवायला सांगा, आणि पुरळ पसरलं, पाणी सुटलं किंवा डोळ्याभोवती सूज आली तर डॉक्टरकडे. हे सगळं वहीत लिहा. आणि इथून पुढे प्रत्येक बाटलीसोबत सांगा की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा, मग डोक्याला.

तेल काय करतं आणि काय करत नाही

लेबलवर "केसगळती थांबवते, नवीन केस उगवतात" असं लिहायची फार इच्छा होते कारण त्यानेच बाटली खपते. पण जरा गिऱ्हाईक बायका आठवा. तेल मागायला कोण येतं? बाळंतपण होऊन तीन-चार महिने झालेली, डेंग्यू-टायफॉइडमधून उठलेली, रक्त कमी असलेली, थायरॉइडची. यातल्या पहिल्या दोघींची केसगळती काही महिन्यांत बहुतेक वेळा आपोआप कमी होते, तेल लावलं तरी आणि नाही लावलं तरी. त्या येऊन सांगतात की तुमच्या तेलाने गुण आला, मनापासून सांगतात, आणि आपणही मनापासून विश्वास ठेवतो. पण ज्या बाईचं हिमोग्लोबिन आठ आहे ती सहा महिने तेलच चोळत बसली आणि रक्ताची तपासणी राहिली तर नुकसान तिचं झालं. तिला आरोग्य केंद्रात पाठवणं हे पण तेल विकणाऱ्या बाईचंच काम आहे असं मी मानते. कोंड्याचंही तसंच, खाज आणि चिकट खपल्या असलेला कोंडा तेलाने उलट वाढू शकतो.

मग खरं काय सांगता येतं? खोबरेल तेलाबद्दल चांगली गोष्ट आहे ना सांगायला. २००३ मध्ये रेळे आणि मोहिले या दोन संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना छापली, त्यात केसांमधलं प्रथिन झिजणं फक्त खोबरेल तेलाने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. तेव्हा "केस मऊ राहतात, विंचरताना कमी तुटतात" हे तुम्ही छाती ठोकून सांगू शकता. तुटणं कमी होणं आणि मुळापासून गळणं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक बायकांना केस हातात धरून दाखवा: ज्याच्या टोकाला पांढरी गाठ आहे तो मुळापासून आलाय, गाठ नाही तो मधूनच तुटलाय.

आणि हे फक्त नीतीचं नाही, कायद्याचंही आहे. केस स्वच्छ, मऊ, सुंदर दिसावेत म्हणून लावायचं ते सौंदर्य प्रसाधन. "गळती बरी होते" म्हटलं की ते औषध होतं आणि त्याचं लायसन्सच वेगळं. शिवाय टक्कल घालवतो, नवे केस उगवतो असे दावे औषधांनासुद्धा करता येत नाहीत, औषधांच्या नियमांत अशा आजारांची वेगळी यादीच दिलेली आहे.

"ओळखीतच विकतो" आणि लायसन्स

इथे तुम्हाला थोडं कटू सांगावं लागेल. ओळखीत विका की बाजारात, विकण्यासाठी तेल *तयार करायला* लायसन्स लागतं. १९४० चा औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे कॉस्मेटिक्स नियम यात ते आहे, आणि आपल्याकडे ते अन्न व औषध प्रशासन म्हणजे एफडीए देतं. उद्यम नोंदणी ही तुम्ही लघुउद्योजक आहात याची नोंद आहे, ती कर्जाला, योजनेला उपयोगी पडते, पण तेल करायची परवानगी नाही. लोणच्या-पापडाचं फूड लायसन्स आहे म्हणून चालेल का, तर तेही नाही, ते खायच्या वस्तूंचं. हे तिन्ही कागद बायका एकच समजतात आणि त्यात त्यांची चूक नाही, कुणी वेगळं करून सांगतच नाही.

स्वतःचं लायसन्स घ्यायचं तर COS-5 नावाचा अर्ज करावा लागतो आणि मिळतं ते लायसन्स COS-8. त्यासाठी घराच्या स्वयंपाकघरापासून वेगळी, स्वच्छ, सामान आणि माल वेगवेगळा ठेवता येईल अशी जागा लागते, आणि फार्मसी किंवा केमिस्ट्री शिकलेली एक तांत्रिक व्यक्ती देखरेखीला लागते. एकट्या बाईला हे झेपणार नाही हे मी आधीच सांगते. पण ग्रामसंघाला किंवा प्रभागसंघाला झेपू शकतं, एखादी खोली आणि गावातली डी. फार्म झालेली एखादी मुलगी पगारावर, असा विचार करून बघा. अर्ज भरण्याआधी जिल्ह्याच्या एफडीए ऑफिसात जाऊन जागेचा कच्चा नकाशा दाखवून विचारा, बांधकाम झाल्यावर नाही.

दुसरा रस्ता म्हणजे लोन लायसन्स. नावात लोन आहे पण कर्जाशी संबंध नाही, दुसऱ्या लायसन्स असलेल्या कारखान्याची जागा आणि यंत्रं वापरून आपण आपला माल करतो. अर्ज COS-6, लायसन्स COS-9. किंवा त्याहून सोपं, लायसन्स असलेल्या युनिटकडूनच आपल्या कृतीने तेल करून घ्यायचं, बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव आणि लायसन्स नंबर त्यांचा, ब्रँड आपला. सौंदर्य प्रसाधन नुसतं विकायला वेगळं लायसन्स लागत नाही. युनिटं एका वेळी बऱ्यापैकी माल मागतात, त्यामुळे दोन-तीन गटांनी मिळून एक घाणी उचलायची.

आणि तिसरा एक रस्ता आहे जो मला सुरुवातीला सगळ्यात आवडतो पण बायकांना तो किरकोळ वाटतो. लाकडी घाण्याचं साधं खोबरेल तेल, त्यात काहीही न घालता, खाद्यतेल म्हणून. त्याला अन्न सुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते, जी तुमच्यापैकी पापड-मसाला करणाऱ्यांना ओळखीची आहे. मात्र मग बाटलीवर केसांचं चित्र, केसांचा दावा काही नको. यात तुम्ही बाटल्या कोरड्या ठेवणं, घाणीची वही, मुदत तपासणं हे सगळं शिकता, गिऱ्हाईक बांधलं जातं, आणि वर्षभराने केसांच्या तेलाचं लायसन्स घ्यायचं की नाही हे आकडे बघून ठरवता येतं.

लेबलवर काय काय हवं ते पण सांगा: तेलाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, घाणी म्हणजे बॅच नंबर, तयार केल्याचा महिना-वर्ष, वापरायची मुदत, किती मिली, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन नंबर आणि घटक जास्तीकडून कमीकडे. कुणी विचारलं की आपली "सिक्रेट रेसिपी" आहे, घटक कशाला लिहायचे, तर सांगा की एखादीला मेथीची ॲलर्जी असेल तर तिने वाचायचं कुठे?

बैठकीत मांडायचं कसं

घाबरवायचं नाही म्हणालात ना, मग कायद्यापासून सुरुवात करू नका. खराब झालेली ती एक बाटली आणि एक चांगली बाटली टेबलावर ठेवा आणि विचारा की एकाच पातेल्यातलं तेल, मग फरक का? पाच मिनिटं त्यांनाच बोलू द्या. कुणी नजर लागली म्हणेल, कुणी बाटली खराब म्हणेल, बोलू द्या. मग काचेच्या बाटलीत स्वच्छ तेल घ्या, त्यात चमचाभर शाई घातलेलं रंगीत पाणी टाका, बूच लावून जोरात हलवा. सगळं गढूळ एकजीव झाल्यासारखं दिसेल. बाटली तशीच ठेवून तुम्ही पुढचं बोला, पंधरा-वीस मिनिटांत रंगाचे थेंब तळाला बसलेले त्यांना स्वतःच दिसतील.

कापसाच्या दोन वाती घेऊन जा, एक कोरड्या तेलातली आणि दुसरी पाण्यात बुडवून झटकून मग तेलात भिजवलेली. पेटवून दाखवा, एक शांत जळेल आणि दुसरी चटचटेल. समोर बसलेल्यांपासून हातभर लांब, परातीत. या परीक्षेची मर्यादाही सांगा, की अगदी बारीक ओल यात कळत नाही, त्यामुळे विक्री वाढली की एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, तिची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत एक नमुना तपासून घ्यायला लागेल.

शेवटी लायसन्सचे तीन रस्ते फळ्यावर लिहा आणि हात वर करायला सांगा, कोणाला कोणता झेपेल. त्याच बैठकीत एफडीए ऑफिसात जायला दोन जणी ठरवा, नावं आणि तारीख इतिवृत्तात लिहून घ्या. आणि तोवर तुमचं स्वतःचं तेल विकणं थांबवा ताई. ज्यांच्याकडे त्या वीसातल्या बाटल्या अजून शिल्लक आहेत त्यांना फोन करून परत मागवा.